डब्यावरचा नंबर वेगळा, फोनमधला वेगळा

नमस्कार. वापरलेला एक आयफोन घ्यायचा विचार आहे. विकणारा म्हणतो, दहा महिन्यांचा आहे, वॉरंटी दोन महिने बाकी आहे. त्याने डब्याचा फोटो आणि फोनच्या आयएमईआय नंबरचा फोटो पाठवला. दोन्हींत पहिले आठ आकडे तेच, पण पुढचे वेगळे आहेत. विचारल्यावर म्हणाला, सर्व्हिस सेंटरने फोन बदलून दिला होता, म्हणून डबा जुन्या फोनचा आहे. बिल सापडत नाही. फोन रिसेट करून ठेवलाय. एका साइटवर नंबर टाकला तर 'Clean' आलं, त्याचा स्क्रीनशॉटही त्याने दिला. आता म्हणतो, थोडे पैसे आधी पाठवा म्हणजे दुसऱ्याला देत नाही. पाठवू का?

—

पैसे पाठवू नका. पण व्यवहार इथेच मोडूही नका, कारण नंबर न जुळण्यामागे खरंखुरं कारण असू शकतं आणि ते खरं आहे की नाही हे बऱ्याच अंशी तो फोनच सांगतो. विकणारा सांगतो ती गोष्ट घ्यायची आणि ती खरी असेल तर फोनवर, कंपनीच्या नोंदीत आणि कागदावर काय काय दिसायला हवं ते बघायचं, एवढंच आपलं काम.

आधी नंबरांचा घोळ सोडवू. आयएमईआय हा फोनचा ओळख क्रमांक, तो पंधरा आकडी असतो. पहिले आठ आकडे मॉडेलचे असतात. एकाच मॉडेलच्या लाखो फोनवर ते तेच असू शकतात, आणि एखाद्या मॉडेलला असे आठ आकड्यांचे अनेक गटही मिळालेले असतात. पुढचे सहा आकडे त्या एका फोनचे स्वतःचे. शेवटचा, पंधरावा आकडा आधीच्या चौदांवरून हिशोब करून काढलेला असतो. म्हणजे डब्यावरचे आणि फोनमधले पहिले आठ आकडे सारखे असणं हा दिलासा छोटाच आहे: डबा त्याच मॉडेलचा आहे, इतकंच त्यातून कळतं. त्याच फोनचा आहे हे कळत नाही.

मात्र त्याच्यावर संशय घेण्याआधी एक साधी शक्यता तपासा. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात, आणि ई-सिम असलेला फोनही यात येतो. डब्यावर दोन्ही छापलेले असतात, पण फोटोत कधी एकच येतो. डब्याच्या फोटोत पहिला आणि फोनच्या फोटोत दुसरा आला असेल, तर पहिले आठ आकडे सारखे आणि पुढचे वेगळे असं अगदी तुमच्यासारखंच चित्र दिसू शकतं. त्याला सांगा, फोनच्या डायल पॅडवर *#06# टाकून जो पडदा येतो त्याचा पूर्ण फोटो द्या, आणि डब्याच्या लेबलचाही पूर्ण फोटो द्या, कडेपासून कडेपर्यंत. फोन रिसेट केलेला असल्यामुळे डायल पॅड उघडणार नाही, तेव्हा सुरुवातीच्या स्वागताच्या पडद्यावर कोपऱ्यातलं छोटं 'i' चिन्ह दाबायला सांगा. तिथे आयएमईआय आणि सिरीयल नंबर दिसतात. चारही नंबर समोर आले की पाच मिनिटांत कळेल. तसंच सिरीयल नंबरही बघा. तो फोनगणिक वेगळा असतो आणि डब्यावरही छापलेला असतो. सिरीयल जुळला तर डबा त्याच फोनचा, आणि 'बदलून दिला' ही कहाणी मग कशासाठी रचली हे त्याला विचारायला हवं.

नंबर हाताने टाइप करून पाठवला असेल तर एखादा आकडा चुकलाही असेल. त्यासाठीच तो पंधरावा आकडा ठेवलेला आहे. हिशोब कागदावर करता येतो, एकदा करून बघाच. उदाहरणासाठी नेहमी वापरला जाणारा एक नंबर घेऊ: 490154203237518. डावीकडून दुसरा, चौथा, सहावा असे सम जागांवरचे आकडे चौदाव्यापर्यंत दुप्पट करायचे: ९, १, ४, ०, २, ७, १ यांचे १८, २, ८, ०, ४, १४, २ होतात. दोन आकडी आले ते एकमेकांत मिळवायचे, म्हणजे १८ चे ९ आणि १४ चे ५. बेरीज ३०. आता उरलेल्या विषम जागा, तेराव्यापर्यंत: ४, ०, ५, २, ३, ३, ५. यांची बेरीज २२. एकूण ५२. पुढच्या शून्यावर संपणाऱ्या संख्येपर्यंत, म्हणजे ६० पर्यंत, किती कमी पडतात? ८. शेवटचा आकडा ८ च आहे, म्हणून नंबर रचनेने बरोबर.

एकच आकडा चुकला असेल तर या हिशोबात तो हमखास पकडला जातो. शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले असतील तरी बहुतेक वेळा कळतं, फक्त ० आणि ९ ची अदलाबदल निसटते. तेव्हा डब्यावरचा नंबर आणि फोनचा नंबर दोन्ही या परीक्षेत उतरले, तर टायपिंगची चूक हा खुलासा बाद झाला. ते खरोखर दोन वेगळे नंबर आहेत. आणि उलट, एखादी साइट 'Invalid' म्हणाली तर लगेच फोन बनावट ठरवू नका, आधी आकडे परत वाचा. या हिशोबाची मर्यादाही लक्षात असू द्या. मनाने रचलेला नंबरही दहापैकी एका वेळेला योगायोगाने उतरतो, आणि हिशोब ठाऊक असलेला माणूस तर दर वेळी उतरेल असाच नंबर रचेल.

आता त्या 'Clean' कडे येऊ. तुमचा सगळा भरवसा तिथेच टेकलेला दिसतो, म्हणून यावर जरा थांबतो.

फोन चोरीला गेला किंवा हरवला की मालक मोबाइल कंपनीला किंवा पोलिसांना कळवतो, आणि तो आयएमईआय बंदीच्या यादीत जातो. फोन नेटवर्कला जोडू लागतो तेव्हा कंपनीची यंत्रणा नंबर त्या यादीत पाहते आणि सापडला तर जोडणी नाकारते. देशोदेशींच्या कंपन्या आपल्या याद्या जीएसएमए या मोबाइल कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या मध्यवर्ती नोंदवहीतून एकमेकांना देऊ शकतात. देऊ शकतात, पण सगळे देतातच असं नाही. त्यामुळे एका देशात बंद झालेला फोन दुसऱ्या देशात बिनदिक्कत चालतो, आणि तिथे तपासला तर साफही दिसतो.

म्हणून 'Clean' चा अर्थ एवढाच: ही साइट ज्या यादीत बघते त्या यादीत, तिने पाहिलं त्या क्षणी, या नंबराविरुद्ध कुणाची तक्रार नव्हती. काल रात्री चोरलेला फोन आज सकाळी साफ असतो, कारण मालकाने अजून कळवलेलं नसतं. हप्त्यांवर घेतलेला फोनही साफ असतो. हप्ते थकले की काही ठिकाणी कंपनी तो बंद करते, आणि तोवर फोन तुमच्या खिशात आलेला असतो. शिवाय फुकटच्या बऱ्याच साइट बंदीची यादी बघतच नाहीत. त्या पहिल्या आठ आकड्यांवरून मॉडेलचं नाव सांगतात आणि शेवटचा आकडा जुळतोय का ते पाहतात, आणि हिरव्या रंगात बरोबरची खूण दाखवतात. वाचणाऱ्याला वाटतं, चोरीचा नाही. आपल्या देशात दूरसंचार खात्याने किंवा मोबाइल कंपन्यांनी अधिकृत तपासणीची सोय दिली असेल तर तीच वापरा, आणि नंबर स्वतः टाका. स्क्रीनशॉट कुणाच्या फोनचा आहे, कधीचा आहे, त्यातले आकडे बदलले आहेत का, यातलं काहीच त्यावरून ठरत नाही. तपासणी दोनदा करा: एकदा आज, एकदा पैसे देण्याच्या अगदी आधी, फोन हातात असताना, फोनच्या पडद्यावरून नंबर वाचून.

आणि आपलं चालू सिम घेऊन जा. वायफायवर सगळे फोन छान चालतात, बंदी घातलेलेसुद्धा, कारण ही बंदी मोबाइल नेटवर्कवर असते. विकणारा वायफायवर व्हिडिओ लावून दाखवतो आणि घेणारा खूश होतो, हे फार वेळा घडतं. तुमचं सिम घाला, नेटवर्कच्या रेघा येऊ द्या, कुणाला तरी फोन लावून दोन मिनिटं बोला, वायफाय बंद करून इंटरनेट उघडून बघा. सेटिंग्जमधल्या 'जनरल'मध्ये 'अबाउट' उघडा; तिथे Carrier Lock समोर No SIM restrictions असं लिहिलेलं असायला हवं; नाहीतर तो एकाच कंपनीच्या सिमला बांधलेला आहे.

आता मुख्य दावा: सर्व्हिस सेंटरने बदलून दिला. हे शक्य आहे. आयएमईआय फोनच्या मुख्य बोर्डाशी बांधलेला असतो, काच किंवा पाठ बदलली तरी तो बदलत नाही. पण कंपनीने अख्खा फोन किंवा बोर्ड बदलून दिला तर नंबर नवा येतो आणि घरातला डबा जुन्याच नंबराचा राहतो. म्हणजे त्याची कहाणी ऐकायला ठीक आहे. मग ती खरी असेल तर काय दिसेल?

पहिली खूण फोनच्या आतच आहे. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये 'जनरल', मग 'अबाउट' उघडा आणि Model Number पाहा. तिथे अक्षरं-आकड्यांचा एक कोड असतो. त्याचं पहिलं अक्षर M असेल तर फोन दुकानात नवा म्हणून विकलेला. F असेल तर कंपनीने दुरुस्त करून पुन्हा विकलेला. N असेल तर ग्राहकाला बदली म्हणून दिलेला. P असेल तर मागे नाव वगैरे कोरून मागवलेला. (या ओळीवर बोट ठेवलं की कोड बदलून A ने सुरू होणारा नंबर येतो, तो मॉडेलचा. परत दाबा म्हणजे पहिला येईल.) तुमच्या माणसाच्या म्हणण्याप्रमाणे इथे N दिसायला हवं. N दिसलं तर त्याच्या बोलण्याला फोनकडूनच दुजोरा मिळाला. F दिसलं तर 'मी नवा घेतला होता' हे म्हणणं तपासायला हवं. M दिसलं तर लगेच खोटं ठरवू नका: विकत घेतल्यावर थोड्याच दिवसांत दुकानाने नवाच फोन बदलून दिला असेल किंवा आतला फक्त बोर्ड बदलला असेल, तर असं होऊ शकतं. पण M असेल तर सर्व्हिस सेंटरच्या कागदाशिवाय पुढे जायचं कारण नाही.

दुसरी खूण वॉरंटीची. checkcoverage.apple.com वर सिरीयल नंबर टाका. आयएमईआय नको, सिरीयल. मॉडेल कोणतं आणि वॉरंटी कधीपर्यंत हे दिसेल. आयफोनची साधी वॉरंटी एक वर्षाची. दहा महिन्यांपूर्वी घेतला असेल तर साधारण दोन महिने उरलेले दिसले पाहिजेत. बदली फोनला मूळ फोनची उरलेली वॉरंटी किंवा नव्वद दिवस, यातलं जे जास्त ते मिळतं. म्हणजे गेल्याच महिन्यात बदलून मिळाला असेल तर तारीख दहा महिन्यांच्या हिशोबापेक्षा थोडी पुढेही असू शकते, आणि ते गैर नाही. पण तिथे वॉरंटी संपून सहा महिने झालेले दिसले, तर त्याने सांगितलेलं वय खोटं आहे किंवा फोन त्याच्या हातात दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत आला आहे. दोन्हींत किंमत वेगळी ठरते. आणि या पानावर आलेलं मॉडेल तो जे सांगतो त्याच्याशी विसंगत असेल, तर पुढे काही बघत बसू नका.

तिसरी खूण कागद. फोन बदलून मिळतो तेव्हा सर्व्हिसची पावती किंवा ईमेल येतो, आणि त्यात जुन्या व नव्या फोनची ओळख पटेल अशी नोंद असते. घरातलं बिल हरवू शकतं, ते मान्य. पण ईमेल शोधला तर सहसा सापडतो. बदलीच्या नोंदीत डब्यावरचा जुना नंबर आणि फोनमधला नवा नंबर दोन्ही दिसले, तर तुमची मूळ शंका मिटली. या कागदाचं महत्त्व मी बिलापेक्षा जास्त मानतो, कारण बिल दुसऱ्याचं दाखवता येतं, पण हे दोन नंबर जोडणारा कागद दुसऱ्याचा आणता येत नाही. तो कागद त्याला समोर त्याच्या स्वतःच्या फोनवरून ईमेल उघडून दाखवायला सांगा, छापील प्रतीत आकडे बदलणं सोपं असतं.

'रिसेट करून ठेवलाय' हे वाक्य मला सगळ्यांत जास्त खटकलं. नीट विकणारे लोकही असं करतात, म्हणून यावरून त्याला चोर ठरवत नाही. पण रिसेट झालेला फोन आणि मोकळा झालेला फोन या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. २०१३ पासून आयफोनला ॲक्टिव्हेशन लॉक आहे: हरवलेला फोन शोधण्याची 'फाइंड माय' ही सोय चालू असलेला फोन मालकाच्या ॲपल खात्याशी कंपनीच्या सर्व्हरवर बांधलेला राहतो. संगणकाला जोडून फोन कितीही वेळा पुसला तरी ही गाठ सुटत नाही. पुसलेला फोन स्वागताचा पडदा दाखवतो, दिसायला अगदी नवा, आणि घरी नेऊन वायफायला जोडला की जुन्या मालकाच्या खात्याचा पासवर्ड मागतो. पडद्यावर iPhone Locked To Owner असं येतं. त्या क्षणापासून तो फोन सुटे भाग काढण्यापुरता उरतो. पूर्वी आयएमईआय टाकून हे लॉक तपासण्याचं पान ॲपलचं होतं, ते २०१७ च्या जानेवारीत बंद झालं. तेव्हापासून खात्रीचा मार्ग एकच: फोन समोर सुरू करून बघणं.

म्हणून भेटल्यावर पहिलं काम हे. स्वागताच्या पडद्यापासून सुरुवात करा, भाषा निवडा, तुमच्या स्वतःच्या फोनच्या हॉटस्पॉटला तो जोडा आणि एकेक पायरी करत मुख्य पडद्यापर्यंत न्या. स्वतःचं खातं घालण्याची पायरी नंतरसाठी ठेवता येते. मधे कुठेही आधीच्या मालकाचं खातं मागितलं, तर विकणाऱ्याने तिथल्या तिथे पासवर्ड टाकून गाठ सोडवावी. 'घरी गेल्यावर दूरून काढतो' हे उत्तर चालणार नाही, निदान पैसे द्यायच्या आधी तरी. तो खरंच दूर असेल तर दूरूनही काढता येतं, पण मग ते काढून झाल्यावर, तुमच्यासमोर फोन पुढे सरकल्यावर पैसे द्या.

मुख्य पडद्यावर पोहोचल्यावर थांबू नका. सेटिंग्ज, 'जनरल', आणि तिथून Erase All Content and Settings करून फोन एकदा तुम्ही स्वतः पुसा आणि पुन्हा तीच सुरुवात करा. वेळखाऊ आहे, विकणारा कंटाळेल, तरीही करा. कारण असं: कंपन्या कर्मचाऱ्यांना जे फोन देतात ते सिरीयल नंबरवरून कंपनीच्या व्यवस्थापनाशी जोडलेले असतात. हे बंधन तात्पुरतं चुकवून फोन मोकळा भासवण्याची साधनं मिळतात, आणि पुढच्या वेळी फोन पुसला की ते बंधन परत उभं राहतं. तसा फोन असेल तर सुरुवातीलाच Remote Management असा पडदा येऊन एखाद्या संस्थेचं नाव दिसतं. तिथे खरेदी थांबवायची. नोकरी सोडताना परत न केलेला फोन बाजारात येण्याचा हा नेहमीचा रस्ता आहे, आणि कंपनी तो कधीही दूरून बंद करू शकते.

एक गोष्ट विकणाऱ्याच्या बाजूने सांगायला हवी. आयओएस १७.३ पासून चोरीपासून संरक्षणाची एक सोय आली आहे. ती चालू असेल आणि माणूस घर-ऑफिससारख्या ओळखीच्या जागेपासून दूर असेल, तर खात्यातून बाहेर पडायला फोन तासभर थांबायला लावतो आणि चेहरा किंवा बोटाचा ठसा परत मागतो. तेव्हा एखादा प्रामाणिक माणूस तुमच्यासमोर 'होत नाहीये' म्हणाला तर ते खरं असू शकतं. पुढच्या वेळी कुणाचा चालू फोन बघायला जाल तेव्हा त्याला आधीच सांगून ठेवा की ती सोय घरूनच बंद करून या, पण पुसू नका. चालू फोन बघायला मिळाला तर त्यातून फार काही कळतं: खातं कुणाच्या नावाचं, मुख्य सेटिंग्जच्या वर संस्थेच्या व्यवस्थापनाची ओळ आहे का, चेहऱ्याने फोन उघडतो का.

'अबाउट'मध्येच Parts and Service History अशी नोंद दिसली तर ती उघडा. एक्सआर-एक्सएसपासूनच्या आयफोनवर, काही भाग बदलले असतील तरच ती येते, आणि तिथे पडदा, बॅटरी किंवा कॅमेरा मूळ आहे की Unknown Part हे लिहिलेलं असतं. 'कधी उघडलाच नाही' या दाव्याची परीक्षा तिथे होते. बाहेर बदललेला पडदा म्हणजे फसवणूक असं मी म्हणणार नाही. सांगून विकला तर किंमत कमी करून घ्या, लपवला तर बाकीच्या दाव्यांवरही तेवढाच संशय ठेवा.

तुमच्या फोनच्या बाबतीत मला कमी भीती वाटते पण सांगून ठेवतो: आयएमईआय बदलताही येतो. अनेक देशांत तो गुन्हा आहे, आणि हा प्रकार अँड्रॉइड फोनमध्ये जास्त आढळतो. चोरीच्या फोनमध्ये त्याच मॉडेलच्या एखाद्या चालू फोनचा नंबर घातला जातो, मग मॉडेल जुळतं, शेवटचा आकडा जुळतो, यादीतही तो साफ असतो. अशा वेळी नंबर एकाच जागी वाचून भागत नाही. *#06# चा पडदा, सेटिंग्जमधला नंबर, सिमच्या खाचेवर किंवा पाठीवर कोरलेला असेल तर तो, आणि डब्यावरचा, असे सगळे समोरासमोर ठेवा. त्यातला सिमचा ट्रे मात्र दुसऱ्या फोनचा बसवता येतो, म्हणून केवळ त्याच्यावर विसंबू नका. आयएमईआयच्या जागी सगळी शून्यं दिसणं किंवा जागा रिकामी असणं, किंवा पहिल्या आठ आकड्यांवरून येणारं मॉडेल हातातल्या फोनपेक्षा वेगळं निघणं, या तर उघड खुणा. अँड्रॉइड घेणाऱ्या वाचकांनी हेही बघावं: २०१५ मधल्या ५.१ आवृत्तीपासून तिथेही गूगल खात्याची अशीच गाठ असते आणि बटणं दाबून केलेल्या रिसेटने ती सुटत नाही. सेटिंग्जमधून खातं काढून मग पुसलेला फोनच मोकळा. आणि हप्त्यांवर घेतलेल्या अनेक अँड्रॉइड फोनमध्ये कर्ज देणाऱ्याचं लॉक असतं, हप्ता चुकला की पडदा बंद. तेही पुसून पुन्हा सुरू केल्यावर वर येतं.

हप्त्यांचं तुम्हीही विचारा. थेट विचारा: 'फोनवर काही देणं बाकी आहे का?' फेडल्याचा कागद मागायला संकोच नको.

सगळं जुळलं तर पैसे द्या, पण क्रम असा ठेवा. फोन तुमच्या हातात, तुमचं सिम चालू, दुसऱ्यांदा पुसून सुरू झालेला, अधिकृत तपासणी नुकतीच केलेली. मग तिथेच साध्या कागदावर लिहून घ्या: मॉडेल, दोन्ही आयएमईआय, सिरीयल नंबर, रक्कम, तारीख-वेळ, त्याचं नाव आणि सही, आणि 'हा फोन माझा आहे, यावर देणं बाकी नाही' असं एक वाक्य. ओळखपत्र बघून नाव ताडून घ्या. रक्कम खात्यातून खात्यात द्या, आणि खात्यावरचं नाव सही करणाऱ्याचंच असू द्या. उद्या खऱ्या मालकाची तक्रार आली तर फोन बहुधा जाईलच, तो तुमचा राहील अशी आशा धरू नका. पण तुम्ही काय तपासलं आणि कुणाला पैसे दिले हे दाखवायला हाच कागद कामी येतो.

आज त्याला एवढंच लिहा:

'फोन घ्यायची तयारी आहे. आगाऊ रक्कम पाठवणार नाही, भेटून फोन सुरू करून बघितल्यावर तिथेच पूर्ण रक्कम देईन. त्याआधी कृपया डब्याच्या लेबलचा पूर्ण फोटो, फोनच्या पडद्यावरचे दोन्ही आयएमईआय आणि सिरीयल नंबर, आणि सर्व्हिस सेंटरने बदलून दिल्याचा ईमेल पाठवा. येताना तुमच्या ॲपल खात्याचा पासवर्ड लक्षात ठेवून या. फोन पुन्हा सुरू करून पाहायला साधारण तासभर लागेल.'

नंबर जाहिरातीत टाकायला किंवा अनोळखी माणसाला द्यायला काही जण कचरतात, आणि त्यांचं चुकत नाही, कारण दिसलेला नंबर दुसऱ्या फोनमध्ये घालणारे असतात. तो तसं म्हणाला तर मधले चार आकडे झाकून पाठवू द्या, पूर्ण नंबर भेटल्यावर वाचा. सर्व्हिसचा ईमेल मात्र भेटीच्या आधी नाही तर निदान भेटीत दाखवता आलाच पाहिजे. तोही नाही, Model Number चं अक्षरही M, आणि घाई मात्र पैशांची, असं झालं तर हा फोन सोडा.